किराणा बिलाची खतावणी

दुकानाचे बिल ही एक कीर्द असते, खतावणी नसते. कीर्द म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने केलेली नोंद, आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदी उचलून आपापल्या खात्यात मांडणे. वाण्याकडे काट्यावर आधी तांदूळ आला तर बिलावर तांदूळ आधी येतो, मग डाळ, मग मध्येच साबण, पुन्हा मूग. खाली एकच आकडा छापलेला असतो : एकूण इतके रुपये. हा आकडा खिशातून किती गेले ते सांगतो. कशापायी गेले हे मात्र सांगत नाही.

आमच्या घरी भांडण असते ते नेमके याच प्रश्नावर. माझी आई नोकरदार मंडळींना जेवणाचे डबे देते. सात डबे, दोन्ही वेळचे, रविवारी सुट्टी. वडील ट्रकवर असल्यामुळे बहुतेक दिवस बाहेर. घरी जेवणारी आम्ही तीन माणसे : आजी, आई आणि मी. डब्याचे सामान आणि घरचे सामान एकाच दुकानातून, एकाच पिशवीत, एकाच बिलावर येते. त्यामुळे वडील आले आणि डबीखालचे बिल त्यांच्या हाती पडले की म्हणतात, "डब्यापायी सगळा पैसा दुकानात जातोय, बंद कर हा उद्योग." आई म्हणते, "डब्यात कुठं जातोय, घरात जातोय." माझी फी त्या डब्यांतून भरली जात असल्याने या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण वाद मिटवायचा तर आवाजाने मिटणार नव्हता. बिलाची खतावणी करणे हा एकच मार्ग होता, आणि ती मी फोनने काढलेल्या फोटोवरून कॉलेजच्या संगणकावर केली. ती कशी केली आणि त्यात कोठे फसगत होते, हे प्रस्तुत लेखात सांगणार आहे. आपण कलाशाखेची मंडळी आकड्यांना जरा बिचकून असतो. पण यात गुणाकार आणि बेरीज यांच्यापलीकडे काही नाही.

प्रथम फोटो. दुकानातले छापील बिल बहुधा उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर असते. त्यावर शाई नसतेच. कागदाचा लेप तापतो आणि काळा पडतो. म्हणूनच असे बिल उन्हात, तेलकट हाताने किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवले की काही आठवड्यांत फिकट होते. आमच्याकडे बिल चहाच्या डबीखाली जाते, तेव्हा आल्या दिवशीच फोटो काढलेला बरा. बिल सपाट पाटावर ठेवावे, घड्या बोटाने नीट कराव्यात, खिडकीचा उजेड घ्यावा. फ्लॅश लावू नये, कारण चकचकीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि तेवढे आकडे जातात. बिल लांब असेल तर दोन फोटो काढावेत आणि पहिल्याच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्यात पुन्हा येऊ द्याव्यात, म्हणजे जोड कोठे आहे ते कळते. वरच्या भागात आपला मोबाईल नंबर छापलेला असला तर तेवढा भाग कापून टाकावा. हिशेबाला त्याची गरज नाही.

आता फोटोतून अक्षरे काढणे. मी गुगल लेन्स वापरले. फोटोतला मजकूर बोटाने निवडून त्याची नक्कल करता येते. मात्र येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढे डोके फिरते. आपण बिल आडवे वाचतो : वस्तू, वजन, दर, रक्कम. वाचणारा प्रोग्रॅम मात्र आधी अक्षरांचे पुंजके शोधतो. वस्तूचे नाव डाव्या कडेला आणि रक्कम उजव्या कडेला, मध्ये मोठी मोकळी जागा. ती पाहून त्याला वाटते की ही दोन वेगळी सदरे आहेत, वर्तमानपत्रातल्यासारखी. मग तो आधी सगळी नावे देतो आणि नंतर सगळ्या रकमा. कोणती रक्कम कोणत्या वस्तूची, हा धागा तेथेच तुटतो.

याच्याशी झगडण्यापेक्षा त्याचाच फायदा घ्यावा. मी नावांचा उभा पट्टा वेगळा निवडला, वजन-नगांचा वेगळा, दरांचा वेगळा, रकमांचा वेगळा, आणि चारही मजकूर स्वतःलाच मेलने पाठवून कॉलेजमध्ये उघडले. गुगल शीट्समध्ये A2 या चौकटीवर एकदाच क्लिक करून नावे चिकटवली की प्रत्येक ओळ खालच्या खालच्या चौकटीत जाऊन बसते. तसेच B2 पासून वजन किंवा नग, C2 पासून दर, D2 पासून रक्कम. बिलाच्या तळाशी Total Items अशी ओळ असते. आमच्या बिलावर ती १४ होती. चारही रकान्यांत चौदा ओळी आल्या का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखादे लांब नाव दोन ओळींत छापलेले असते आणि मग नावे पंधरा होतात; तेथून खालची प्रत्येक रक्कम भलत्याच वस्तूसमोर येते.

चौदा वस्तूंखाली मी आणखी दोन ओळी घातल्या. एक तेलावरची सूट, उणे ४५ रुपये, आणि दुसरी Round Off, म्हणजे पैशांचा पूर्ण रुपया करण्यासाठी मिळवलेले ४८ पैसे. या ओळी वस्तू नव्हेत म्हणून लोक त्या गाळतात, आणि मग ताळा का जमत नाही म्हणून बसतात. याउलट, बिलाच्या अगदी खाली CGST, SGST असा छोटा तक्ता असतो, तो मात्र आमच्या बिलातून घ्यायचा नाही. किराणा दुकानात छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. तो तक्ता फक्त त्यातला कर किती ते फोडून दाखवतो. तो मिळवला तर कर दोनदा धरला जाईल. सगळीच बिले अशी नसतात, कोठे कर वरून लावलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे : वस्तूंच्या ओळींची, सूट व Round Off धरून, बेरीज जर देय रकमेइतकी झाली तर कर आत आहे; कमी पडली आणि फरक कराएवढाच असला तर बाहेर आहे.

फोटोतून वाचलेला आकडा हा साक्षीदाराच्या जबानीसारखा असतो. उलटतपासणी केल्याशिवाय मानायचा नाही. मी तीन तपासण्या ठेवल्या. पहिली अशी :

```
=COUNTA(D2:D17)
=COUNT(D2:D17)
```

पहिले सूत्र भरलेल्या चौकटी मोजते, दुसरे फक्त खरेखुरे आकडे मोजते. पहिल्याचे उत्तर १६ आले आणि दुसऱ्याचे १५. म्हणजे सोळापैकी एक चौकट आकड्यासारखी दिसत होती पण आकडा नव्हती. शोधणे कठीण नसते, कारण शीट्समध्ये आकडे चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या कडेला. तेलाची रक्कम डावीकडे होती. फोटोतून ती `745.O0` अशी वाचली गेली होती. शेवटून दुसरे चिन्ह शून्य नसून इंग्रजी ओ हे अक्षर होते. डोळ्याला फरक दिसत नाही. आणि यातली खरी धोक्याची गोष्ट ही, की बेरीज करणारे `SUM` हे सूत्र अशा चौकटीबद्दल तक्रार करत नाही, ती मुकाट्याने वगळते. बिलातली सगळ्यांत मोठी रक्कम हिशेबातून गायब, आणि पडद्यावर काहीच लाल होत नाही. रकमेआधी रुपयाचे चिन्ह आणि मध्ये एखादी मोकळी जागा घुसली तरी हाच प्रकार होऊ शकतो.

दुसरी तपासणी आडवी. वजन गुणिले दर बरोबर रक्कम, हे प्रत्येक ओळीत खरे असलेच पाहिजे. म्हणून F2 मध्ये हे लिहून चौदाव्या वस्तूपर्यंत, म्हणजे F15 पर्यंत, खाली ओढले :

```
=ROUND(B2*C2,2)-D2
```

उत्तर शून्य आले तर ओळ बरोबर. तेलाच्या ओळीत अर्थातच #VALUE! आले, आणि मुगाच्या ओळीत उणे १६१८८.४८. मूग १.४६० किलो, दर ११२ रुपये, रक्कम १६३.५२, पण फिकट झालेला दशांशबिंदू वाचलाच गेला नव्हता, त्यामुळे आमच्या घरी सोळा हजार तीनशे बावन्न रुपयांचे मूग आले होते! ही चूक इतकी मोठी की डोळ्यांनीही सापडली असती. आडव्या तपासणीचा खरा उपयोग लहान चुकांसाठी आहे. समजा भांड्यांच्या साबणवड्यांचे ६० आणि टूथपेस्टचे १०५ यांची अदलाबदल झाली. एकूण बेरीज तीच राहील, ताळा बिनचूक जमेल, पण दोन्ही वस्तू वेगळ्या खात्यांच्या असल्याने खात्यांचे आकडे ४५ रुपयांनी खोटे ठरतील. तेथे फक्त ही आडवी तपासणीच एका ओळीत उणे ४५ आणि दुसरीत अधिक ४५ दाखवून चोर पकडते. एकूण बेरीज जमली म्हणजे हिशेब बरोबर, हा समज खतावणीच्या बाबतीत पुरा नाही.

तिसरी तपासणी मात्र बेरजेचीच. `=SUM(D2:D17)` हे सूत्र आणि बिलावर छापलेला ३२८६ हा आकडा. मूग दुरुस्त केल्यावर, पण तेल तसेच असताना, बेरीज २५४१ येत होती. फरक ७४५. फरकाचा आकडा बऱ्याचदा स्वतःच बोलतो. तो एखाद्या ओळीइतका असेल तर ती ओळ गळालेली आहे. तो सुटीच्या दुप्पट, म्हणजे आमच्या बाबतीत ९०, असेल तर सुटीचे उणे चिन्ह वाचताना पडले आहे. जे वजा व्हायचे ते मिळवले गेले. आमच्या गल्लीत एक जुने दिवाणजी राहतात, त्यांनी आणखी एक खूण सांगितली : हाताने आकडे उतरवले असतील आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोठेतरी दोन अंक उलटसुलट झाले आहेत का ते आधी पाहावे. ३८४ च्या जागी ३४८ लिहिले तर फरक ३६. कोणतेही शेजारचे दोन अंक उलटे करून पाहा, फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. दिवाणजींकडे संगणक नाही. ही खूण ते कागदावरच्या बेरजांसाठी वापरत आले आहेत.

एवढे झाल्यावर कीर्द पक्की झाली. आता खतावणी, आणि खरे डोके येथे लागते.

बिलाच्या काही नमुन्यांत प्रत्येक वस्तूपुढे HSN असा क्रमांक असतो. तो करासाठी वस्तूंचे वर्गीकरण करतो : तांदळाचा क्रमांक १००६ ने सुरू होतो, साखरेचा १७०१ ने, डाळींचा ०७१३ ने. पाहताक्षणी मला वाटले, वर्गवारी आयतीच मिळाली! तांत्रिक अडचण किरकोळ आहे. शीट्स ०७१३ मधले पुढचे शून्य आकडा समजून खाऊन टाकते, म्हणून तो रकाना आधी Plain text करून ठेवावा लागतो. पण मुख्य अडचण दुसरीच. ही वर्गवारी करखात्याची आहे, माझ्या आईची नाही. अंगाचा साबण आणि भांड्यांची साबणवडी दोन्ही ३४ व्या प्रकरणात येतात. चहा आणि हळद दोन्ही ९ व्या. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अंगाचा साबण घरचा, तर भांड्यांची वडी स्वयंपाकाची, कारण तिने डब्यांची आणि घरची दोन्ही भांडी घासली जातात. वस्तू काय आहे यावर खाते ठरत नाही, ती कशासाठी आणली यावर ठरते. आणि ते बिलावर छापलेले नसते. म्हणून E रकाना मी आईला शेजारी बसवून, एकेक वस्तू विचारून भरला.

सुरुवातीला डबा आणि घर अशी दोनच खाती ठेवावीत असे वाटले होते, पण तांदळालाच आई अडली. "एकाच पातेल्यात शिजतो, त्याला काय सांगू?" तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून खाती तीन झाली : एकत्र, डबा आणि घर. Round Off साठी किरकोळ हे चौथे. तांदूळ, तूरडाळ, तेल, कणीक, मूग आणि भांड्यांची वडी ही एकत्र. तेलावरची सूटही तेलाच्याच खात्यात, म्हणजे एकत्रमध्ये. डबा बांधायला लागणारी ॲल्युमिनियमची फॉईल तेवढी निव्वळ डब्याची. चहा, साखर, पोहे, बिस्किटे, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर आणि टूथपेस्ट घरची. मग H2 पासून खाली चार खात्यांची नावे लिहून शेजारी I2 मध्ये :

```
=SUMIF(E$2:E$17,H2,D$2:D$17)
```

याचा अर्थ, E रकान्यात जेथे जेथे H2 मधले नाव आहे तेथल्या D मधल्या रकमा मिळव. डॉलरच्या चिन्हामुळे सूत्र खाली ओढले तरी रकान्याची हद्द सरकत नाही. येथे मराठी लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे. एका ठिकाणी डबा, दुसऱ्या ठिकाणी डब्बा, तिसऱ्या ठिकाणी शब्दापुढे एक मोकळी जागा, असे झाले तर शीट्सच्या लेखी ती तीन वेगळी खाती. जुळत नाही ती रक्कम कोठेच पडत नाही. Data मधल्या Data validation मध्ये जाऊन चार नावांची यादी दिली की टंकण्याऐवजी यादीतून निवडता येते. तरीही चारही खात्यांची बेरीज पुन्हा ३२८६ शी ताडून पाहावी.

आमची खाती अशी पडली : एकत्र २३५७.५२, डबा ९२, घर ८३६, किरकोळ ०.४८. जमले.

राहिला प्रश्न एकत्रचा, आणि बिलाचा मोठा भाग तोच. तो वाटायचा कशावर? संगणकाला याचे उत्तर ठाऊक असण्याचे कारण नाही. आम्ही जेवणांवर वाटायचे ठरवले. सात डबे, दोन वेळा, सहा दिवस म्हणजे आठवड्याला ८४ जेवणे. घरची तीन माणसे, दोन वेळा, सात दिवस म्हणजे ४२. सरळ दोनास एक. आजीचे खाणे चिमणीएवढे आणि डबेवाल्यांपैकी काहींना चार पोळ्या लागतात, तेव्हा डब्याचा वाटा याहून थोडा जास्तच असेल. पण पोळ्या मोजत बसण्यापेक्षा ठोक प्रमाण बरे, फक्त ते ठोक आहे हे शीटवर लिहून ठेवले. दोन तृतीयांशाने डब्याकडे १५७१.६८ आणि घराकडे ७८५.८४ आले. त्यात आपापली खाती मिळवली तेव्हा डब्याचे झाले १६६३.६८ आणि घराचे १६२१.८४.

म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. वडिलांचेही खरे नाही आणि आईचेही. वडिलांनी फोनवर आकडे ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "बिस्किटं किती रुपयांची?" साठ, मी सांगितले. त्यानंतर बराच वेळ बिस्किटांवर चर्चा झाली. पण डबे बंद करा हे वाक्य त्या दिवशी आले नाही. आईला मात्र दुसराच आकडा हवा होता. ती म्हणाली, "डब्याचे पैसे वाढवायचे की नाही ते यातून सांग." ते एका बिलातून सांगता येणार नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा या बिलात आहे, पुढच्या बिलात नसेल. एका बिलावरून दर ठरवला तर तो तेल आणलेल्या आठवड्याचा दर होईल. म्हणून आता शीटमध्ये तारखेचा एक रकाना वाढवला आहे आणि बिले एकाखाली एक साठवत चाललो आहे.

शिवाय भाजी. ती डब्यातला मोठा खर्च, पण मंडईत बिल मिळत नाही आणि फोटो काढावा असे काही नसते. कोपऱ्यावरचा पिठाचा गिरणीवालाही तोंडीच पैसे सांगतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो मी लेन्सला देऊन पाहिले. आमच्या भागातल्या अक्षराला ते पुरे पडत नाही, १ आणि ९ यांत फारच गोंधळ होतो, तेव्हा चिठ्ठी सरळ हाताने टंकलेली परवडते. भाजीसाठी रोज संध्याकाळी एक ओळ घालतो : तारीख, भाजी, आणि आई पिशवी उतरवून ठेवताना सांगते तो आकडा. त्या ओळींची रक्कम ताडून पाहायला खाली छापलेले असे काहीच नसते, म्हणून त्यांना मी वेगळा, फिकट पिवळा रंग दिला आहे.